घड्याळ उलटं धरण्याचा आणि साडेपाच तासांचा संबंध

«इंग्रजांनी भारताची वेळ मुद्दाम साडेपाच तास पुढे ठेवली, कारण आपलं घड्याळ उलटं धरलं की लंडनची वेळ दिसते! नाहीतर जग २४ सारख्या पट्ट्यांत वाटलेलं असताना आपल्यालाच हा अर्धा तास कशाला? जास्तीत जास्त लोकांना पाठवा.»

आधी घड्याळ हातात घ्या आणि करूनच पाहा. घड्याळ अर्धं फिरवलं की तासकाटा सहा तास मागे गेल्यासारखा दिसतो आणि मिनिटकाटा तीस मिनिटं पुढे. सहा तासांतून अर्धा तास वजा केला की साडेपाच, म्हणून गंमत जमते. पण ती अर्धवटच जमते. दुपारी २ वाजता उलट्या घड्याळात साडेआठ दिसतात, ते बरोबर. पावणेतीनला मात्र तासकाटा नऊच्या अलीकडे आणि मिनिटकाटा तीनवर येतो, म्हणजे वाचणारा सव्वाआठ म्हणणार. ग्रीनिचच्या हिशोबाने तेव्हा सव्वानऊ झालेले असतात. तासातली पहिली तीस मिनिटं उत्तर बरोबर, उरलेली तीस मिनिटं एक तासाने चूक. शिवाय याच इंग्रजांनी ब्रह्मदेशाला साडेसहा तास दिले. तिथे घड्याळ उलटं करून काय दिसणार होतं?

आता अर्धा तास आला कुठून, ते पाहू. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई साधारण ७२.८५ पूर्व रेखांशावर आहे. चाराने गुणा, ४ तास ५१ मिनिटं येतात, आणि जुना 'मुंबई टाइम' ग्रीनिचच्या नेमका तेवढाच पुढे होता. कलकत्त्याचा ५ तास ५३ मिनिटं. आगगाड्या बहुतेक मद्रासच्या वेळेवर, ५ तास २१ मिनिटांवर धावत. गावोगावी वेगळी वेळ बैलगाडीच्या काळात कुणाला बोचत नव्हती. रेल्वेचं वेळापत्रक आणि तार आल्यावर ती चालेना, आणि हेच कारण जगभर होतं: ब्रिटनच्या रेल्वेने १८४७ पासून ग्रीनिच वेळ धरली, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १८८३ मध्ये आपले पट्टे पाडले.

भारतासाठी एकच वेळ ठरवायची, तर पूर्ण पाच तास घेऊन कलकत्ता ५३ मिनिटांनी चुकत होतं. सहा घेतले तर मुंबईला सूर्याच्या ६९ मिनिटं पुढे पळावं लागत होतं. साडेपाचला मुंबईचा फरक ३९ मिनिटं आणि कलकत्त्याचा २३. मिर्झापूरजवळून जाणारी ८२.५ अंशांची रेषा गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, आणि तीच १ जानेवारी १९०६ पासून प्रमाण वेळ झाली. मुंबईकरांना तीही पटली नाही. 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. आसामच्या चहामळ्यांत आजही घड्याळ तासभर पुढे ठेवून काम चालतं, त्याला तिथे 'बागान टाइम' म्हणतात. एवढ्या रुंद देशात कुठलाही आकडा कुणाला तरी टोचणारच.

सारखे २४ पट्टे जमिनीवर कुठेच नाहीत. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रीनिचची रेषा शून्य मानली, पण कुठल्या देशाने किती वाजले म्हणायचे हे ठरवलं नाही. ते ज्या त्या सरकारने ठरवलं. म्हणून अवाढव्य चीनमध्ये एकच वेळ आहे, नेपाळ पावणेसहा तास पुढे आहे, इराण साडेतीन, अफगाणिस्तान साडेचार. किरिबातीची काही बेटं तर चौदा तास पुढे आहेत. आपण एकटे नाही.

आणि हे सगळे आकडे आता यूटीसीपासून मोजतात. यूटीसी ही अणुघड्याळांवरून राखलेली, जगभर एकच असलेली वेळ. स्थानिक वेळेतून यूटीसी वजा केली की जो फरक उरतो, तोच त्या जागेचा आकडा. पुढे असाल तर अधिक, मागे असाल तर उणे. मुंबईत जानेवारीत संध्याकाळचे सात वाजले, तर संगणक तो क्षण असा लिहितो, आणि दोन्ही ओळी एकाच क्षणाच्या आहेत, दुसऱ्या ओळीतला Z म्हणजे यूटीसी:

```
2025-01-15T19:00:00+05:30
2025-01-15T13:30:00Z
```

अधिक असलेला आकडा वजा केला की यूटीसी मिळते. बरेच जण इथेच बेरीज करून बसतात. यूटीसी ऋतूनुसार बदलत नाही, लंडन मात्र बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं `+01:00` वर असतात. त्यामुळे गणपतीत मुंबईहून सातला फोन लावलात तर लंडनमध्ये अडीच वाजलेले असतात, दीड नव्हे. फरक साडेचार तासांचा असतो, आणि घड्याळ कसंही धरलं तरी तो त्यात दिसत नाही.