मांजर नव्हे, माइक

"चावतं का हो?"

ट्रॅकसूट, कपाळावर गंध आणि हातात भिजवलेल्या बदामांची डबी अशा थाटात एक काका माझ्या माइकपासून दोन हातांवर उभे राहून विचारत होते. नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानाच्या बाजूला, खाडीच्या काठावर. माइकवर राखाडी फरचं कव्हर होतं. ते पाहून लोक थबकतात हे मला ठाऊक आहे, पण थबकून निघून जातात. हे थांबले.

मी आलो होतो एका आजोबांचं बोलणं टिपायला. त्यांची हयात मिठागरांत गेली. सिडको १९७० साली आली, त्याआधीची खाडी त्यांनी पाहिलेली. मी सकाळी सातची वेळ धरली होती, कारण तेव्हा वारा जवळजवळ पडलेला असतो. जमीन तापली की दुपारकडे समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि इथे तो थेट पाण्यावरून येतो, मध्ये आडोसा नाही. आजोबांची पूजा, चहा, मग शेजारच्यांचा चहा असं करत आम्ही काठावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. वारा व्यवस्थित कामावर रुजू झाला होता.

"चावत नाही. माइक आहे," मी म्हणालो.

"मग याला स्वेटर कशाला? उन्हाळा आहे!"

मी सांगितलं. सांगायला नको होतं. वारा माइकच्या टणक कडांवर आदळला की तिथे भोवरे होतात आणि त्यांच्या दाबाने आतला पडदा हलतो. पडद्याला वाटतं आवाजच आला. म्हणून हेडफोनमध्ये जी भडभड ऐकू येते, ती बाहेर कुठेच वाजत नसते. ती माइकच्या अंगावरच तयार होते. फरचे केस वाऱ्याचा जोर हळूहळू मोडतात आणि आतल्या बाजूला शांत हवेचा थर राहतो. आवाजाच्या लाटा त्यातून येतात, झोत अडकतो.

"म्हणजे कापड!" असं म्हणून काकांनी खिशातून रुमाल काढला, माझा दुसरा, उघडा माइक उचलला आणि रुमाल त्यावर घट्ट गुंडाळून गाठ मारली. "आता बघा." मी हेडफोन त्यांच्याच कानाला लावला. काकांनी डोळे मिटले आणि "पाऊस पडतोय" असं जाहीर केलं. कापड माइकला चिकटलं की मधला शांत थर उरतच नाही. वारा रुमालावर आदळतो, रुमाल माइकवर आदळतो, वर फडफड वेगळी. स्पंजच्या बोंड्याचंही तेच. खोलीत किंवा अगदी मंद झुळकीत ठीक, काठावर नाही. मोठ्या कामाला माइक पिंजऱ्यासारख्या जाळीत रबरावर लोंबकळत ठेवतात आणि त्याच्यावर फर चढवतात, कारण आत मोकळी हवा जितकी जास्त तितकं बरं. तो पिंजरा मला परवडत नाही. काकांना हेही सांगितलं. ते म्हणाले, "पुतण्या याच लाइनमध्ये आहे. तो ॲपवर काढतो सगळं."

हा पुतण्या प्रत्येक काठावर असतो. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा. सगळे ॲपवर काढतात. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं हेडफोन लावून घाम गाळला त्यांनी गप्प बसायचं.

तर ऐका काका, म्हणजे तुम्ही नाही ऐकलंत, वाचकांनी तरी ऐकावं. वाऱ्याची बहुतेक ताकद खालच्या स्वरांत, साधारण २०० हर्ट्झच्या खाली असते. म्हणून खालचे स्वर छाटणारा लो-कट, म्हणजे हाय-पास फिल्टर, उपयोगी पडतो. आजोबांचा आवाज जाड, पण त्याचा पाया शंभराच्या आसपास होता, म्हणून ८० हर्ट्झच्या खालचं छाटलं तर त्यांचं काही जात नाही. दीडशेवर नेलं तर वारा आणखी कमी होतो, पण आजोबा टेलिफोनवरून बोलल्यासारखे वाटतात. खरी अडचण वेगळीच आहे. वाऱ्याचा दणका इतका मोठा असू शकतो की रेकॉर्डरचा पहिला टप्पाच भरून वाहतो. त्या क्षणी आजोबांचा शब्द वाऱ्यासोबत चेंगरतो आणि त्यातून वरच्या स्वरांतही चरचर तयार होते. नंतर संगणकावर खालचं सगळं पुसलं, तरी चरचर तशीच राहते. संगणकाच्या पडद्यावर ओळखता येतं: लाटेची शिखरं गोल नसतात, पट्टी ठेवून कापल्यासारखी सपाट असतात. म्हणून लो-कटचं बटण माइकवरच असेल तर ते आधी दाबायचं आणि पातळी कमी ठेवायची. रेकॉर्डरच्या मेन्यूतला लो-कट बऱ्याचदा त्या भरून वाहण्याच्या नंतर बसतो. आधी चेंगरलेलं तो कुठून सोडवणार? पुतण्यालाही ते सुटत नाही.

काकांनी तोवर फरवर दोनदा फुंकर मारून पाहिली होती. मग मी खिशातून कंगवा काढून फर विंचरायला लागलो. केस चिकटून गठ्ठे झाले की फर काम करत नाही, नेहमी करतो तसं करत होतो. काका माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवून म्हणाले, "चैन आहे बुवा."

शेवटी जागेवर आलो. गन माइक फक्त समोरचं ऐकतो म्हणून वाऱ्यात चांगला, असा समज आहे. उलट आहे. दिशा ओळखणारे माइक दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजतात, म्हणून वाऱ्याला ते जास्त हळवे असतात. चहूकडून ऐकणारा छोटा कॉलर माइक बरा. तो आजोबांच्या छातीवर लावला, त्याला इवलीशी फरची टोपी घातली आणि आजोबांना पश्चिमेकडे पाठ करून बसवलं, म्हणजे त्यांचंच अंग आडोसा झालं.

आजोबा उखडले. "खाडीकडं पाठ करून खाडीचं सांगू?"

"वारा त्या बाजूने आहे, आजोबा."

"वारा आमच्या ओळखीचा आहे. तू नवीन आहेस."

बसले, पण दर वाक्याला मान मागे वळवून, बोटाने दाखवून. मान वळली की आवाज माइकपासून दूर जायचा. मग काका पुढे सरसावले आणि आजोबांच्या मागे, बरोबर वाऱ्याच्या तोंडावर उभे राहिले. काय सांगू, मीटरवरची उसळी बसली! त्या देहात आडोशाचे सगळे गुण होते. फक्त तो बोलत होता. "मीठ म्हणजे बीपी," "अहो, पूर्वी इथे फ्लेमिंगो होते का?" मी हाताने गप्प राहायला सांगितलं, तर ते गप्प झाले आणि बाजूला सरकले. सरकले की वारा परत. बोलले की वारा नाही पण काका, गप्प की काका नाहीत पण वारा. शेवटी त्यांना बदाम खायला लावले. चावताना माणूस उभा राहतो आणि बोलत नाही. डबी संपेपर्यंत आजोबांचं भरतीचं, बांध फुटण्याचं आणि रात्री मीठ गोळा करण्याचं सगळं स्वच्छ आलं, मागे अगदी बारीक कुडुम-कुडुम सोडून.

जाताना काकांनी नंबर दिला. "पाठवा, आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपवर टाकतो."

मी रात्री बसून बदामही शक्य तितके काढले आणि पाठवलं. वारा नाही, चरचर नाही. आजोबांचा श्वास ऐकू येत होता.

उत्तर आलं: "छान. पण खाडीवर केलंय असं वाटतच नाही. जरा वारा यायला हवा होता. पुतण्याला सांगू का, तो ॲपवर टाकून देईल."