तपासणी व्हावी की नाही, हे आधीच ठरलेले असते

"डॉक्टर रिपोर्ट बघतात, कपडे नाही. आजार खरा असेल तर तो तपासणीत दिसणारच. रुग्ण गबाळा आहे की टापटीप, याने काही फरक पडत नाही."

तपासणीत आजार दिसतो हे खरे, पण ती तपासणी करायची की नाही आणि किती तातडीने, हे त्याआधीच कोणीतरी रुग्णाकडे पाहून ठरवलेले असते, आणि चूक शिरते ती तिथे.

समजा, मळक्या कपड्यांतला, तोंडाला दारूचा वास येणारा माणूस रात्री तातडीच्या विभागात आणला गेला. तो गुंगीत आहे आणि त्याची जीभ जड झाली आहे. केसपेपरवर 'दारू प्यायलेला' अशी नोंद होते आणि 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणून त्याला कडेच्या खाटेवर झोपवले जाते. ड्यूटी बदलल्यावर येणारा डॉक्टर आधी ती नोंद वाचतो, मग रुग्णाला बघतो. इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसाची जीभ अशीच जड झाली असती, तर पक्षाघाताची शंका लगेच आली असती.

वास्तविक दारूच्या वासाने शंका वाढायला हवी. उपाशीपोटी दारू घेतल्यास यकृताची नवी साखर तयार करण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे रक्तातील साखर धोकादायकरीत्या, म्हणजे ५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्याही खाली जाऊ शकते आणि ती गुंगी हुबेहूब नशेसारखी दिसते. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर हे काही सेकंदांत कळते. दुसरा धोका डोक्यातील रक्तस्रावाचा. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू आकसतो, त्यावरच्या शिरा ताणल्या जातात, आणि साध्या पडण्यानेही त्या फाटून कवटीच्या आत रक्त साचू शकते. नशा तासागणिक उतरत जाते. शुद्ध सुधारत नसेल किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, तर सीटी स्कॅन थांबवून ठेवता येत नाही.

टापटीप रुग्णाचेही नुकसान होते, हे फारसे बोलले जात नाही. व्यवस्थित आवरून आलेल्या, शांत बसलेल्या तरुणीच्या पोटदुखीला 'एवढे काही नसेल' असे म्हटले जाते. गर्भ गर्भनलिकेत रुजून ती फुटली असेल, तरी तरुण शरीर बराच रक्तस्राव होईपर्यंत रक्तदाब टिकवून धरते. म्हणजे चेहराही ठीक आणि रक्तदाबाचा आकडाही ठीक. वाढलेली नाडी मात्र कधी कधी आधी इशारा देते, पण तीही नेहमी नाही. म्हणून पाळी चुकली आहे का हे विचारणे आणि गर्भचाचणी करणे टाळता येत नाही.

रुग्णाकडे निरखून पाहणे हा तपासणीचाच भाग आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. फिकटपणा, घाम, श्वासाची धाप, सूज आल्यामुळे न चढणारी चप्पल, ही सगळी शरीराची माहिती आहे. पण मळकी कॉलर पाहून त्या माणसाची तक्रार खरी की खोटी हे ठरवायला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. अशा वेळी सोबतच्या नातेवाइकाने "हे दुपारपर्यंत नीट बोलत होते, संध्याकाळी पडले, त्यानंतर असे झाले" हे वेळेसह सांगून ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे, कारण पुढच्या ड्यूटीवरचा डॉक्टर तेच वाचणार असतो.