आधी बघू द्या, नाव नंतर सांगा

वर्गात चित्र दाखवून त्यावर कविता किंवा गद्य लिहायला लावणं, ज्याला एक्फ्रासिस म्हणतात, हा माझा सगळ्यात आवडता तास. हा तास घेणाऱ्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती: चित्राचं नाव आधी सांगू नका.

ब्रसेल्सच्या संग्रहालयातलं ‘इकॅरसचं पतन’ घ्या. ते सोळाव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकार ब्रूगलच्या नावावर आहे, पण मूळ त्याच्याच हातचं की नक्कल, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. नाव कळलं की मुलं समुद्रात बुडणाऱ्या इकॅरसचे पाय शोधतात आणि मेणाच्या पंखांची ग्रीक गोष्ट, म्हणजे बापासोबत उडताना इकॅरस सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं आणि तो समुद्रात पडला, एवढीच लिहून मोकळी होतात. ती गोष्ट चित्र न बघताही लिहिता येते. मी वही तपासताना हेच बघते: ही ओळ चित्र न बघता लिहिता आली असती का? ‘मन उदास झालं’ ही तशीच ओळ.

म्हणून पहिली दहा मिनिटं कविता नाहीच. फक्त दिसतं ते लिहायचं, विशेषणांशिवाय. लाल बाह्यांचा नांगरणारा शेतकरी. काठीवर रेललेला मेंढपाळ, कुत्रा, मेंढ्या. उजव्या कोपऱ्यात गळ टाकून बसलेला माणूस, जवळच फांदीवर तित्तिर. जहाज. आणि मग कोणीतरी ओरडतं, ‘मॅडम, पाय!’ मूळ चित्र जेमतेम सव्वा मीटर रुंदही नाही आणि पाय अगदी छोटे आहेत. मोबाइलवर ते हरवतात, म्हणून मोठा प्रिंट हवाच.

नाव सांगायची वेळ आता. सोबत रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली कथा: तिच्यात कोळी, मेंढपाळ आणि शेतकरी तिघंही उडणाऱ्या बापलेकांकडे थक्क होऊन बघतात, त्यांना देव समजतात. चित्रात शेतकरी मातीकडे बघतोय, कोळी पाण्याकडे. मेंढपाळ मात्र वर बघतोय, पण पायांकडे पाठ करून! सूर्यही क्षितिजाला टेकलेला, मग मेण वितळलं कसं? असे प्रश्न पडले की लिखाण बदलतं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘त्याला आभाळात काहीतरी दिसतंय, आणि बघायला हवं ते त्याच्या पाठीमागे बुडतंय.’ ही ओळ चित्राशिवाय सुचलीच नसती.

इंग्रज कवी ऑडेनची १९३८ची प्रसिद्ध कविता मी यानंतरच वाचते; याच चित्राकडे बघत ती म्हणते की एकाच्या दुःखाकडे बाकीचं जग लक्षच देत नाही. आधी वाचली तर सगळा वर्ग जगाच्या बेफिकिरीवर लिहितो. नंतर वाचली की मुलं तिलाही तपासतात. शेतकरी, सूर्य, जहाज तिच्यात आहेत, या चित्रातला मेंढपाळ नाही. तो आला असता तर कवितेचं म्हणणं टिकलं असतं का, यावर वर्गात मनापासून भांडण होतं.

याच चित्राची दुसरी प्रत सगळ्यात शेवटी दाखवते. तिच्यात आभाळात बाप, डेडॅलस, उडताना दिसतो. म्हणजे मेंढपाळ त्याच्याकडे बघत असावा. त्या मुलीला विचारलं, ओळ बदलणार का? तिने ‘काहीतरी’ खोडलं नाही. ‘आपल्या चित्रात तिथे कोणीच नाहीये,’ म्हणाली.