गढूळ बादली, नितळ बादली

शाडूची आणि पीओपीची मूर्ती दोन बादल्यांत सात दिवस बुडवून ठेवली आणि त्यावर फोटोसकट लेख लिहिला. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"तुमच्याच फोटोत शाडूची बादली चिखलासारखी दिसते आणि पीओपीची नितळ. मग तळं घाण कोण करतंय? शिवाय पीओपीची मूर्ती आठवड्यानंतरही जशीच्या तशी. जे विरघळतच नाही ते पाण्यात मिसळणार कसं? निष्कर्ष आधी ठरवून प्रयोग केलेला दिसतो."

फोटोसोबत पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचे आकडे दिले नाहीत, ही चूक माझीच. दोन्ही बादल्यांत सुरुवातीला 140 पीपीएम होतं. सात दिवसांनी शाडूच्या बादलीत 165 आणि तुम्ही नितळ म्हणताय त्या बादलीत 1240.

शाडू खरं तर विरघळत नाही, ती फुटून विखुरते. कण पाण्यात तरंगतात म्हणून गढूळ दिसतं. दोन मायक्रॉनचा कण 10 सेंटीमीटर खाली बसायला साधारण आठ तास घेतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वरचं पाणी बरंच निवळलं होतं. पीओपीचं उलटं. मूर्ती घट्ट झाली की ती जिप्सम असते, आणि जिप्सम विरघळलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही.

आता मूर्ती तशीच का राहिली ते. एक लिटर पाण्यात जिप्सम फार तर अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं. माझ्या बादलीत 15 लिटर पाणी, म्हणजे जास्तीत जास्त 36-37 ग्रॅम. मूर्ती दीड किलोची. तेवढं गेल्यावर पाणीच संपृक्त झालं. महिनाभर ठेवली असती तरी नाकाचा शेंडासुद्धा झिजला नसता. तेव्हा बादलीचा प्रयोग तोकडा आहे हे मान्य, पण त्याचा रोख उलट्या बाजूला जातो. तळ्यात पाणी भरपूर असतं, झीज चालूच राहते. दीड किलो जिप्सम पूर्ण विरघळायला सहाशेहून जास्त लिटर पाणी लागेल.

म्हणून नंतर बिनरंगाचा 40 ग्रॅमचा तुकडा 100 लिटरच्या पिंपात दोऱ्याने टांगला. दोन दिवसांनी काढून भट्टीत वाळवला आणि वजन इतकं घटलं की मी खूशच झालो. मग शंका आली म्हणून पाण्याला न लागलेला तुकडाही तापवला, तर तोसुद्धा 40 वरून 34 वर! उष्णतेने जिप्सममधलं स्फटिकजल उडून जातं. सगळं पुन्हा केलं, या वेळी नुसतं पंख्याखाली वाळवून.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. विरघळलेल्या सल्फेटचं पुढे काय होतं, हे तळ्यावर अवलंबून असतं. तळाशी निर्माल्य कुजून ऑक्सिजन संपला, तर जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तोच तो सडक्या अंड्यांचा वास. पाणी खेळतं असेल तर हे सहसा होत नाही.

शाडूला मी क्लीन चिट दिलेली नाही. शंभर मूर्तींचा गाळ लहान तळ्यात साचतो, गढूळपणामुळे खाली उजेड पोचत नाही. आणि ऑइल पेंटने रंगवलेली शाडूची मूर्ती माझ्याकडे तीन दिवस फुटलीच नव्हती, रंगाच्या सालीत माती अडकून बसली. तो फोटो मूळ लेखात आज टाकतो, मीटरच्या आकड्यांसकट.