'फक्त नमुना लहान होता' या स्लाइडवर थांबू नका

"मार्सेच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन पेपरचं डिझाइन ठीकच होतं, नमुना तेवढा लहान होता. ७० टक्के विरुद्ध १२.५ टक्के, एवढा फरक उगाच येतो का? पेशंट जास्त घेतले असते तर निकाल पक्का झाला असता."

हा पेपर वर्गात शिकवायला डेक, म्हणजे स्लाइड्सचा संच, बनवताना असं म्हणून थांबू नका. सुरुवात नमुन्यापासूनच करू. फ्रान्समधल्या मार्से शहरातून मार्च २०२० मध्ये आलेल्या या कोविडवरच्या पेपरमध्ये औषध घेतलेल्या २० पैकी १४ जणांची पीसीआर चाचणी सहाव्या दिवशी निगेटिव्ह आली, न घेतलेल्या १६ पैकी २ जणांची. पी व्हॅल्यू ०.००१ आहे, म्हणजे औषधाचा परिणाम नसता तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात सुमारे एक. नमुना लहान असण्याची मुख्य भीती ही की दिसलेला फरक योगायोगाचा असेल, आणि ती शंका या आकड्यांनी बरीचशी दूर होते. इथलं दुखणं योगायोगाचं नाहीच, पूर्वग्रहाचं आहे, म्हणजे बायसचं. बायस असलेला अभ्यास दहापट मोठा केला तरी चूक तीच राहते, फक्त ती जास्त ठामपणे सांगता येते.

आता पेशंट मोजू. पेपरची सगळी गोम इथे आहे, म्हणून डेकमध्ये या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या. औषधाच्या गटात सुरुवातीला २६ जण होते, पण विश्लेषणात २०च आहेत. बाकीच्या सहांपैकी तिघे आयसीयूत गेले, एकाचा मृत्यू झाला, एक जण रुग्णालय सोडून गेला आणि एकाने मळमळीमुळे औषध बंद केलं. हे लेखकांनी लपवलेलं नाही, निष्कर्षांच्या भागात सरळ लिहिलं आहे. तरीही ज्यांची तब्येत औषध चालू असताना बिघडली, तेही हिशेबातून गेले. इंटेन्शन टू ट्रीटच्या नियमाने ज्याला ज्या गटात घेतलं त्याला त्याच गटात मोजायचं असतं. हे सहाही जण अपयशी धरले तर २६ पैकी १४, म्हणजे सुमारे ५४ टक्के उरतात. तरीही फरक शिल्लक राहतो, हे वर्गाला प्रामाणिकपणे सांगा. एवढ्या एका मुद्द्यावर पेपर कोसळत नाही.

त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट आहे. मृत्यू झालेल्या पेशंटची पीसीआर दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली होती. नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणू सापडला नाही आणि माणूस तिसऱ्या दिवशी गेला. या अभ्यासाचं मुख्य मोजमाप स्वॅब हेच होतं. 'औषधाने ७० टक्के पेशंट बरे झाले' असं जे सगळीकडे फिरलं, ते पेपरमध्ये मोजलेलंच नाही.

उरलेला फरक कंट्रोल गटातून, म्हणजे औषध न घेतलेल्यांच्या गटातून येतो. यादृच्छिक वाटप नव्हतं, म्हणजे कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं नव्हतं. औषध दिलेले सगळे पेशंट मार्सेचे होते, तर कंट्रोलमध्ये औषध नाकारलेले आणि दुसऱ्या रुग्णालयांतले पेशंट होते. ज्या गटांची तपासणीच सारखी झाली नाही, त्यांच्या टक्केवारीची तुलना कशी करायची? हे मूळ पेपरमधला रोजच्या निकालांचा तक्ता उघडल्यावर दिसतं. औषधाच्या गटात पीसीआरच्या सीटी व्हॅल्यू, म्हणजे चाचणीच्या कितव्या चक्रात विषाणू सापडला, ते आकड्यांत दिलं आहे, कंट्रोलमध्ये अनेकांपुढे नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलं आहे. काही कंट्रोल पेशंटची सहाव्या दिवशी चाचणीच झाली नव्हती, तरी त्यांना पॉझिटिव्ह धरलं गेलं. १२.५ हा आकडा काही अंशी असा तयार झाला आहे. तुमच्या डेकमध्ये या तक्त्याचा फोटो मोठा करून लावा, शेवटच्या बाकावरूनही वाचता आला पाहिजे.

राहिला 'जास्त पेशंट घेतले असते तर' हा भाग. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत ते घेतले गेले. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर १५६१ जण आणि नेहमीच्या उपचारांवर ३१५५. वाटप यादृच्छिक, मोजमाप २८ दिवसांतले मृत्यू, आणि प्रत्येक जण आपल्याच गटात मोजलेला. औषधाच्या गटात २७ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २५ टक्के. फायदा दिसला नाही. इथे नमुन्यासोबत डिझाइनही बदललं होतं.

पेपर प्रसिद्ध झाल्यानंतर तीनच दिवसांनी, २३ मार्च २०२० ला, आयसीएमआरच्या टास्क फोर्सने आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना हेच औषध प्रतिबंधासाठी सुचवलं. आजारी पेशंटच्या स्वॅबवरच्या अभ्यासातून निरोगी माणसाला संसर्ग टळेल की नाही हे कळूच शकत नाही. डेकमध्ये हा मुद्दा 'निष्कर्ष कुणाला लागू' या स्लाइडवर घ्या, राजकारणाच्या चर्चेत नको.

डिसेंबर २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. ते शेवटी एका ओळीत सांगा आणि टीकेचा पुरावा म्हणून वापरू नका. गळालेले सहा जण आणि न झालेल्या चाचण्या पहिल्या दिवसापासून पेपरमध्येच छापलेल्या होत्या.