तीनशे रुपये बरोबर, बाराने भागणं चूक

वाचकाची प्रतिक्रिया : “बेदाण्याच्या स्टोरेजला क्विंटलमागे महिना ५० रुपये खर्च येतो, हे तुमचं लिहिणं पटत नाही. तुमच्याच लेखात क्षमता २,००० टन आणि वर्षाचा खर्च ६० लाख दिलाय. २० हजार क्विंटलने भागले तर ३०० रुपये, म्हणजे महिन्याला २५. आमच्या तासगावात मे महिन्यात स्टोरेज ९० टक्के भरलेलं असतं. दुप्पट आकडा सांगून नव्या माणसाला का घाबरवता?”

तुमचा भागाकार मी दोनदा करून पाहिला. ३०० पर्यंत आपलं एकमत आहे, फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. वर्षाला १२ महिने असले तरी बेदाण्याची पेटी १२ महिने आत राहत नाही.

लेखातल्या नमुना हिशेबात जागेचं भाडं २४ लाख, वीज २० लाख, पगार १० लाख आणि दुरुस्ती, अमोनिया, तेल, विमा मिळून ६ लाख धरलेत. हमाली मालाच्या मालकाकडून वेगळी घेतली जाते, म्हणून ती यात नाही. आता दर महिन्याचा आतला साठा बघा. मार्चअखेर ५ हजार क्विंटल, एप्रिलमध्ये १४ हजार, मे-जूनला १८ हजार. हेच तुमचे ९० टक्के. पुढे सौद्यांप्रमाणे माल निघत जातो : जुलै १६, ऑगस्ट १४, सप्टेंबर ११, ऑक्टोबर ८, नोव्हेंबर ६, डिसेंबर ४, आणि जानेवारी-फेब्रुवारीत ३-३ हजार. एक क्विंटल एक महिना राहिला की एक क्विंटल-महिना धरायचा, तशी बाराही महिन्यांची बेरीज १ लाख २० हजार येते. स्टोरेज वर्षभर गच्च भरलेलं असतं तर ती २ लाख ४० हजार झाली असती. म्हणजे भराई ५० टक्के. ६० लाखांना १ लाख २० हजारांनी भागा, ५० रुपये येतात. १५ किलोच्या पेटीमागे महिना साडेसात.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. वर्षभरात एकूण २० हजार क्विंटल आत आला असेल, तर प्रत्येक क्विंटल सरासरी ६ महिने राहिला. ३०० ला ६ ने भागायचं, १२ ने नाही. म्हणून हंगामाचं ठोक भाडं ठरवणाऱ्याला तुमचा ३०० चा आकडा उपयोगी पडेल. पण दरमहा भाडं घेणाऱ्याने २५ चा दर लावला, तर वर्षाला ३० लाख हाती येतील आणि खर्च मात्र ६० लाखच राहील.

“माल कमी झाला की वीजही कमी होते” असं पुष्कळ जण धरून चालतात. बटाटा आत असतानाही श्वसन करतो आणि उष्णता सोडतो, तिथे मालाच्या प्रमाणाला काही अर्थ असतो. बेदाणा वाळलेला. एकदा थंड झाला की त्याचा स्वतःचा उष्णतेचा भार जवळपास नसतो. त्यानंतर मशीन चालतं ते भिंती-छतातून येणारी उष्णता, दार उघडल्यावर शिरणारी हवा आणि आतल्या पंख्यांची गरमी काढण्यासाठी. चेंबरमध्ये ५ हजार क्विंटल असो वा ७००, हा भार फारसा हलत नाही. तापमान सोडूनही देता येत नाही, कारण हिरवा बेदाणा उष्णतेने काळपट पडतो आणि दर तुटतो. त्यात बिलातला डिमांड चार्ज वेगळा, तो युनिटवर अवलंबून नसतो.

एका बाबतीत मात्र तुमचा २५ रुपयांचा दर बरोबर ठरतो, आणि ते मूळ लेखात यायला हवं होतं. बेदाणा उतरल्यावर रिकाम्या चेंबरमध्ये कोल्हापूरकडचा नवा गूळ घेतला आणि त्यातून ३० हजार क्विंटल-महिने वाढले, असं धरा. वाढीव वीज-मजुरी २ लाख लागली, तर एकूण ६२ लाख भागिले दीड लाख, म्हणजे ४१ रुपये. हा जादा माल २५ ने घेतला तरी साडेसात लाख येतात. तो सौदा जरूर करावा, फक्त चेंबर स्वतंत्र हवं, आणि हा दर मुख्य हंगामाच्या मालाला लावू नये.

तुमचं स्वतःचं स्टोरेज असेल तर एक नोंद ठेवून बघा. रोज सकाळी मीटरचं रीडिंग आणि आतला साठा एकाच वहीत लिहा. ऑगस्ट आणि जानेवारी शेजारी ठेवा. साठा पाचव्या हिश्श्यावर आला आणि युनिट निम्म्यानेही उतरले नाहीत, तर उरलेला माल चारही चेंबरमध्ये विखुरलाय असं समजा. नमुन्यातले जानेवारीचे ३ हजार क्विंटल एकाच चेंबरमध्ये मावतात, बाकीची तीन बंद करता येतात. पण तेव्हा पेट्या हलवायच्या तर हमाली आपल्याच अंगावर पडते. म्हणून एप्रिलमध्ये माल लावतानाच मालकाला विचारावं, दिवाळीआधी काढणार की नंतर? नंतर काढणाऱ्यांचा माल पहिल्यापासून एका चेंबरमध्ये लावावा. बाजार हलला की काही जण शब्द बदलतात, तेवढ्याच पेट्या मग हलवाव्या लागतात.