चार्जरच्या प्रहसनात पहिल्याच मिनिटाला गचांडी कशाला धरता बे?

होस्टेलच्या चार्जरवर प्रहसन बसवायला घेतलं की पहिल्याच मिनिटाला कोणीतरी कोणाची तरी गचांडी धरतोच. दरवर्षी. एकानं चार्जर मागितला, दुसरा म्हणाला "नाही देत", की झाली झोंबाझोंबी सुरू. अरे, युवा महोत्सवात प्रहसनाला दहा मिनिटं मिळतात. पहिल्याच मिनिटाला हाणामारी केली तर उरलेली नऊ मिनिटं काय करणार? मग दारुड्या आणायचा, एका पोराला लुगडं नेसवायचं, सरांची नक्कल करायची. समोर बसलेली पोरं शिट्ट्या मारतात आणि आमचे नट विंगेत येऊन म्हणतात, "जमलं ना भाऊ." काही जमलं नाही. त्या सगळ्यात चार्जर कुठे होता? त्याच्या जागी कंगवा ठेवला असता तरी तेच प्रहसन झालं असतं, हीच ते फसल्याची खूण.

मला राग याचा येतो की, बाहेरून काही आणायची गरजच नाही. आमच्या तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही होस्टेलची खोली बघा. चार खाटा, एक बोर्ड, त्यावर चालू असलेलं एकच सॉकेट. चार्जरची डब्बी एकाची. त्याची वायर मानेपाशी तुटली म्हणून वायर दुसऱ्याची. बोर्ड तिसऱ्याच्या खाटेच्या वर, फोन ठेवायचा तर त्याच्याच उशीवर. म्हणजे एक चार्जर आणि मालक तीन. तिघांपैकी एकानं नाही म्हटलं की कोणाचाच फोन चार्जिंगला लागत नाही. आणि कोणीच खोटं बोलत नाही, प्रत्येकाचं म्हणणं खरंच आहे. गंमत इथे आहे. इथून आवाज चढवायचा नसतो, सौदा चढवायचा असतो.

सुरुवात एवढीच पुरते:

"डब्बी माही हाय. पयले माहा फोन लागन."

"लाव ना मंग. वायरीबिना लाव."

"आन फोन कुठी ठेवशीन? माह्या उशीवर? उशी कोनाची हाय?"

बस. तिघंही आपापल्या जागी बसलेले, कोणी उठलेला नाही, आवाज गप्पा मारतानाचा. प्रेक्षकाला कळलं की हे आता लवकर सुटत नाही. पण तालमीत आमचा खाटवाला "उशी कोणाची आहे" हे वाक्य खाटेवर उभा राहून बोंबलतो. कशाला? माईकवर बोंबललं की नुसती फाटकी करकर ऐकू येते, शब्द मागे पोचतच नाहीत. आणि भाषा का बदलतो? घरी "हाय" म्हणणारा पोरगा स्टेजवर गेला की पुस्तकी "आहे" का म्हणतो?

दुसरी पायरी वेळेची. अर्धा तास तू, अर्धा तास मी. इथेच वायरवाला सगळ्यांना कापतो, कारण त्याला चार्जिंग कळतं. साध्या दहा वॅटच्या डब्बीवर पाच हजार एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला अडीच-तीन तास जातात, पण ती सारख्या वेगानं भरत नाही. ऐंशी टक्क्यांच्या पुढे करंट कमी कमी होत जातो आणि शेवटचे टक्के रेंगाळत चढतात. डब्बीवाल्याचा फोन आधीच ऐंशीला टेकलेला, म्हणून वायरवाला गोडीत म्हणतो, "पयला अर्धा तास माहा. तू शेवटी ऐंशीपासून शंभर कर आरामात." डब्बीवाला खूश होतो, त्याला वाटतं शेवटचा नंबर म्हणजे मोठा मान. खाटवाला हिशोब करतो आणि हळूच म्हणतो, "अबे, त्याचा फोन अर्ध्या तासात जेवडा भरन, तेवडा तुहा नाई भरनार." आता सौदा मिनिटांवरून टक्क्यांवर येतो. मिनिटं घड्याळात सगळ्यांना दिसतात, टक्के मात्र ज्याचा फोन त्यालाच दिसतात. मग संशय येतो, एकमेकांच्या स्क्रीनवर पहारा बसतो. हे सगळं मी संहितेत लिहिलं होतं. तालमीत म्हणाले, "लोकांना टक्के कळणार नाहीत." कोणाला कळणार नाहीत? ज्या पोरांचा दिवस चार टक्क्यांवर स्कॉलरशिपच्या ओटीपीची वाट बघण्यात जातो, त्यांना?

तिसरी पायरी मालाची. खाटवाला उशीच्या बदल्यात घरून आलेल्या जवसाच्या चटणीचा डबा मागतो. अख्खा नाही, दोन चमचे. वायरवाला म्हणतो, चटणी देतो, पण चटणी खाशील तेवढे दिवस माझी पाण्याची बादली तू भरायची. प्रत्येक नवी मागणी आधीच्या मागणीतूनच निघाली पाहिजे आणि तिच्याहून थोडीच मोठी पाहिजे. एकदम गाडी मागितली की प्रेक्षक एकदाच हसतो आणि पुढे जायला वाट उरत नाही. दोन चमच्यांवरून तीन चमच्यांवर तणतण झाली की तो हसतच राहतो. आमच्या पोरांनी इथे "तुझी बहीण दे" असा विनोद घुसवला. मी त्याच वेळी तालीम थांबवली. घाणेरडं तर आहेच, शिवाय सौद्याची शिडीच मोडली.

चौथा पोरगा बटनाच्या फोनवाला. त्याची पिन वेगळी, चार्जर वेगळा, त्याला आठवड्यातून एकदाच लागतो. त्याचा यात काही स्वार्थ नाही म्हणून तिघं त्याला पंच करतात. तो प्रॅक्टिकलच्या वहीचं पान फाडून करार लिहितो. कलम एक, कलम दोन, सगळ्यांच्या सह्या. त्याला वाक्यं कमी आहेत म्हणून त्याचं काम कोणी घेत नाही, आणि मग ज्याला काहीच जमत नाही त्याच्या गळ्यात ते पडतं. अरे, सगळ्यात अवघड काम तेच आहे. त्याला हसायचं नाही. करार न्यायाधीशासारखा लिहायचा.

आणि लाईट. लाईट जाण्यावर प्रहसन संपवू नका हे किती सांगू? सगळे तेच करतात. सह्या झाल्या, लाईट गेली, सगळे कपाळावर हात मारतात, पडदा. आमच्याकडे लाईट जाणं ही रोजची गोष्ट आहे, त्यात शेवट कुठला? लाईट सातव्या मिनिटाला गेली पाहिजे. एका झटक्यात डब्बी, वायर, उशी, तिन्हींचा भाव शून्य. तरी तिघं थांबत नाहीत, कारण लाईट आल्यावर पहिला नंबर कोणाचा हे ठरलंच पाहिजे. ते करारात लिहिलंय. करार वाचायला उजेड पाहिजे. मग ज्याच्या फोनमध्ये चारच टक्के उरलेत तो आपला टॉर्च लावतो, पंच कलम एक सावकाश वाचतो, त्यावर वाद होतो, ते परत वाचायला लावतात. तीन टक्के. कलम दोनमधल्या चमच्यांवर वाद. दोन टक्के. पहिला नंबर कोणाचा, हे कलम तीनमध्ये आहे, आणि पंच "कलम तीन" एवढं म्हणतो तोच फोन बंद पडतो. अंधारात तिघं एकदमच म्हणतात, "माहाच होता."

हा तुकडा कापला परवा. म्हणे लांबतो, टाळ्या येणार नाहीत. अरे, कोणी नीट करून पाहिला का? टॉर्च असा धरा की उजेड फक्त कागदावर पडेल. वायर पांढरी आणि लांब घ्या, कपडे गडद घाला, म्हणजे मंडपात शेवटच्या सतरंजीवर बसलेल्यालाही ती दिसेल. काळी आखूड वायर घेऊन गेलात तर मागच्यांना वाटतं पोरं हवेत हात हलवून राहिली. एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात येत नाही, आणि दारुड्यासाठी रिकामी बाटली मात्र न सांगता शोधून आणतात.

कलम तीन परत घाला. नसेल घालायचं तर संहितेवरून माझं नाव काढा आणि तुमच्या दारुड्याचं लिहा.